चिठ्ठी नको, माइक द्या

आपल्या वाङ्मय मंडळाच्या मागच्या बैठकीत एक सूचना आली. पाहुण्यांचं व्याख्यान झालं की प्रश्न विचारायला कोणी उठत नाही, तेव्हा यापुढे सुरुवातीलाच कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात. मुलांनी नाव न घालता प्रश्न लिहावा आणि सूत्रसंचालकाने त्यातले तीन-चार निवडून वाचावेत. सूचना मांडणाऱ्याने माझ्याकडे बघून प्रेमानेच म्हटलं, "हिच्यासारख्यांना बरं पडेल."

मी विरोधात हात वर केला. बैठकीत मी केलेली ही पहिलीच हालचाल असावी, कारण अध्यक्ष म्हणाले, "काय गो, पाणी हवंय?"

तिथे मला धड काही सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझ्या न बोलण्याची गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या घरात कोंकणी. गावची प्राथमिक शाळा मराठी. पुढे सगळं इंग्रजीतून. गोव्यात माझ्यासारखी हजारो मुलं आहेत, यात विशेष काही नाही. बोलताना मात्र कुठल्या भाषेतला शब्द आधी तोंडात येईल याचा नेम नसतो. अकरावीत मराठीच्या तासाला मी उभी राहून म्हटलं होतं, "मला हे उतर कळलं नाही." मला 'शब्द' म्हणायचं होतं. कोंकणीत शब्दाला उतर म्हणतात. बाई म्हणाल्या, "उत्तर? अजून मी प्रश्न तरी कुठे विचारलाय?" वर्ग हसला. त्या काही वाईट बाई नव्हत्या. पण त्यानंतर चार वर्षं मी मराठीच्या कुठल्याही वर्गात आपणहून तोंड उघडलं नाही. मंडळात आले ती अंकाचं टायपिंग करायला. टायपिंगला आवाज लागत नाही.

गेल्या वर्षी 'क्रिस्तपुराणा'वर व्याख्यान ठरलं. पाहुणे जुन्या मराठीचे अभ्यासक, बाहेरगावाहून येणार होते. मॅडमनी तीन आठवडे आधी सांगितलं, "कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाने एक तरी पान वाचून या." किती जणांनी वाचलं ते माहीत नाही. मी वाचलं, कारण पत्रिकेचा मजकूर मलाच टाइप करायचा होता आणि त्यात चूक नको होती.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये वारला तोवर, तो इथेच होता, त्यातली बरीचशी साष्टीत. त्याचं पुराण १६१६ साली राचोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. देवनागरीचे खिळे तेव्हा इथे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या. एवढं आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या त्याच्या ओव्या तर दरवर्षी मराठी दिनाला कोणी ना कोणी म्हणतंच. मीही तिथूनच सुरुवात केली. पण त्या ओव्यांच्या आधी एक गद्य प्रस्तावना आहे आणि ती सहसा कोणी वाचत नाही. त्यात स्टीफन्स आपल्या भाषेबद्दल सांगतो. हे सगळं मराठीत लिहिलं आहे, पण शुद्ध मराठी इथल्या सामान्य लोकांना कळत नाही. म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द सोडले आणि ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, असा त्याचा आशय आहे. ही बोली म्हणजे आपण आज जिला कोंकणी म्हणतो ती, असं अभ्यासक मानतात.

आणि त्या वाक्यात त्याने 'शब्द' म्हटलेलं नाही. 'उतरें' म्हटलंय.

ग्रंथालयात दुपारच्या वेळी कोणी नसतं. मी ते वाक्य पाच-सहा वेळा वाचलं. चारशे वर्षांपूर्वीच्या, मुद्दाम मराठीत लिहिलेल्या वाक्यात माझा तो शब्द होता, आणि तो चुकून आलेला नव्हता. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न तयार झाला तो तिथेच. धीर वगैरे नव्हता. मला खरोखरच काहीतरी जाणून घ्यायचं होतं, एवढंच.

त्या आठवड्यात मी वहीत सात प्रश्न लिहिले आणि सहा खोडले. खोडले ते का, हे सांगते, कारण आपल्या कार्यक्रमांत विचारले जाणारे प्रश्न बहुधा हेच असतात. 'स्टीफन्सने हा ग्रंथ का लिहिला?' हे पाहुणे पहिल्या दहा मिनिटांत सांगणारच होते. 'कुठल्या छापखान्यात छापला, किती आवृत्त्या निघाल्या?' हे कपाटातल्या पुस्तकात होतं. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ अशा दोन आवृत्त्या निघाल्या. जे अर्ध्या तासात आपलं आपण शोधता येतं त्यासाठी दोनशे माणसांना थांबवून ठेवू नये. 'आजच्या तरुणांनी यातून काय घ्यावं?' यावर पाहुणे उपदेश करतील आणि तो कुठल्याही पुस्तकाला लागू पडेल. 'क्रिस्तपुराण मराठी की कोंकणी?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त मोहात पाडत होता. पण गोव्यात या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकजण घरून घेऊन येतो. तो विचारला असता तर सभागृहात भांडण झालं असतं आणि मला हवं ते कळलं नसतंच.

उरला तो सातवा. पुस्तकाच्या माहितीत एक गोष्ट वाचली होती. लंडनमध्ये पौर्वात्य विद्येच्या संस्थेत, म्हणजे जिला सोआस म्हणतात तिथे, क्रिस्तपुराणाची एक देवनागरी हस्तलिखित प्रत आहे. मार्सडेन नावाच्या संग्राहकाच्या संग्रहातली म्हणून तिला मार्सडेन प्रत म्हणतात. म्हणजे एकच पुराण दोन लिप्यांत आहे. मग प्रस्तावनेत सांगितलेली ती मिसळलेली 'उतरें' देवनागरी प्रतीतही तशीच आहेत का? नसतील, तर ती कोणी काढली आणि कोणासाठी?

या प्रश्नाला 'फारच छान प्रश्न' म्हणून पुढे जाता येत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. उत्तरासाठी दोन प्रती बघितलेल्या असाव्या लागतात. पाहुण्यांनी त्या बघितल्या असतील, मी बघितल्या नव्हत्या. प्रश्न दुसऱ्याला विचारायचं कारण याहून वेगळं काय असतं?

पहिला मसुदा लांबलचक झाला. आधी स्वतःची ओळख, मग प्रस्तावनेचा सारांश, मग मार्सडेन प्रतीची माहिती, मग प्रश्न. फोनवर वेळ लावून मोठ्याने वाचला तर जवळजवळ एक मिनिट लागला. ऐकताना माझं मलाच कळलं, यातला अर्धा भाग 'बघा, मी वाचून आलेय' हे सांगण्यासाठी होता. तो काढला. तीन वाक्यं राहिली, वीस सेकंदांची. ती लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिली, कारण साधा कागद हात थरथरला की आवाज करतो. माइकसमोर तर फारच. जाड कागद करत नाही. हे मला धाकट्या भावाने सांगितलं. तो भजनाला पेटी वाजवतो आणि त्याच्यासमोर गाणाऱ्यांचे कागद फडफडताना त्याने खूप पाहिलेत.

कार्यक्रमाच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसले. रांगेच्या मध्ये बसलं की उठताना आठ गुडघे ओलांडावे लागतात आणि तेवढ्यात माणूस खाली बसतो.

व्याख्यान छान चाललं होतं. पस्तिसाव्या मिनिटाला पाहुण्यांनी प्रस्तावना उघडली आणि मिसळणीचं ते वाक्य वाचलं. माझ्या पोटात गोळा आला. तीनपैकी दोन वाक्यं गेली! पाच मिनिटं मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मग लक्षात आलं की गेली ती प्रस्तावना होती, प्रश्न शाबूत होता. उलट आता समजावून सांगायचं ओझंच उरलं नव्हतं. मी पत्रिकेवरची पहिली दोन वाक्यं पेन्सिलने खोडली. ज्यांनी तयारी करून प्रश्न नेलाय त्यांच्यावर ही वेळ हमखास येते, आणि बहुतेक जण तिथेच प्रश्न गिळतात किंवा लिहिलेलं सगळं तसंच वाचून दाखवतात. तेव्हा ऐकणाऱ्यांना कळतं की ही व्यक्ती व्याख्यान ऐकत नव्हती.

प्रश्नांची वेळ आली. "कोणाला काही विचारायचंय?" असं म्हणून सूत्रसंचालकाने जेमतेम श्वास घेतला आणि एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. ते साडेचार मिनिटं बोलले. त्यांनी पाहुण्यांचं अभिनंदन केलं, आपल्या लहानपणची आठवण सांगितली आणि खाली बसले. प्रश्न नव्हताच. आभारप्रदर्शन करणारी मुलगी कागद घेऊन पायऱ्यांपाशी उभी होती. तेवढ्यात मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "एक मिनिट थांबू या. कोणीतरी विद्यार्थी." आणि खरोखरच थांबल्या. कोणाकडे बघितलं नाही, नाव घेतलं नाही. ती शांतता फार लांब वाटली. दहा सेकंद असतील. सहाव्या-सातव्या सेकंदाला मी उठले.

नाव सांगितलं, वर्ग सांगितला. पत्रिकेवर 'शब्द' लिहिलं होतं. तोंडातून निघालं, "सर, ही मिसळलेली उतरं मार्सडेन प्रतीत तशीच आहेत, की कोणी ती बदलली?" मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मला अकरावीचा वर्ग आठवला. पण पाहुण्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, प्रस्तावनेतला शब्द मी मुद्दाम, जसाच्या तसा वापरलाय. "अगदी बरोबर, उतरं!" ते म्हणाले. मी दुरुस्ती केली नाही. अजूनही केलेली नाही, इथेच पहिल्यांदा कबूल करते.

त्यांचं उत्तर असं होतं. चर्चच्या व्यवहारातले जे पोर्तुगीज-लॅटिन शब्द रोमन प्रतींत जसेच्या तसे येतात, त्यांच्या जागी मार्सडेन प्रतीत संस्कृत वळणाचे शब्द दिसतात. एवढा फरक स्पष्ट आहे. त्यावरून काही अभ्यासकांना वाटतं की देवनागरी प्रतच स्टीफन्सच्या मूळ लेखनाच्या जवळची आहे आणि छापताना शब्द बदलले. काहींना नेमकं उलटं वाटतं, म्हणजे छापलेलं मूळ आणि देवनागरी प्रत नंतर कोणीतरी सुधारलेली. "पण रोजच्या बोलण्यातली जी सोपी उतरं आहेत, त्यांचं काय झालं हे तुम्ही विचारताय," ते म्हणाले, "त्याकडे मी कधी त्या नजरेने बघितलेलं नाही. दोन प्रती शेजारी ठेवून ओवी-ओवी बघावी लागेल."

इथे मी खाली बसायला हवं होतं. पत्रिकेवर पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "मग १६१६ ची छापील प्रत बघितली की मिटेल ना?"

ते हसले, चांगल्या अर्थाने. "तीच तर नाहीये." पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज माहितीत नाही. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे पुराण हाताने उतरवून घेत घेत जपलं. रोमन लिपीतल्या तशा हस्तलिखितांवरून सालढाणांनी १९०७ साली मंगळूरला आवृत्ती काढली, आणि आपण रोमन प्रत म्हणतो तिच्यामागे त्या नकला आहेत. म्हणजे माझ्या प्रश्नातला 'कोणी बदलली' हा भाग दोन्ही बाजूंना लागू होता. रोमन बाजूलाही नक्कल करणारे हात होतेच. हे सभागृहातल्या किती जणांनी टिपलं कोण जाणे. मला मात्र त्या क्षणी आपला प्रश्न आपण समजत होतो त्याहून मोठा आहे हे दिसलं.

आता चिठ्ठीकडे येते. माझा पहिला प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिला असता तर तो वाचला गेला असता, कदाचित माझ्यापेक्षा शुद्ध मराठीत. उत्तरही आलं असतं. दुसरा प्रश्न मात्र जन्मालाच आला नसता, कारण तो उत्तर ऐकताना सुचला आणि चिठ्ठी ऐकत नाही. शिवाय निवडणारा 'उतरं' खोडून 'शब्द' वाचेल, वेडावाकडा प्रश्न बाजूला ठेवेल आणि सगळ्यांना कळेल असा एक गुळगुळीत प्रश्न घेईल. लाजणाऱ्या मुलाची सोय करताना आपण त्याला पुन्हा टायपिंगलाच बसवतो. सगळ्यांनाच उभं राहता येत नाही हे मला मान्य आहे. ज्याला बोलताना खरोखर अडथळा आहे त्याने लिहून द्यावं, त्याला माझी हरकत नाही. पण सगळ्यांसाठी हाच नियम करू नये.

मला उभं केलं ते दोन गोष्टींनी. घरून आणलेला एक प्रश्न आणि मॅडमनी थांबलेले ते दहा सेकंद. पहिली गोष्ट माझ्या हातात होती. दुसरी मंडळाच्या हातात आहे आणि ती आपण कधीच करत नाही.

या थांबण्याबद्दल मी नंतर थोडं वाचलं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. ते तीन सेकंद थांबायला शिकले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. दुसरा अभ्यास २०१८ चा आहे. अ‍ॅलेशिया कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा देशांतल्या जवळजवळ अडीचशे व्याख्यानांना बसून कोण प्रश्न विचारतं ते नोंदवलं. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर त्यानंतर स्त्रियांचे प्रश्न प्रमाणाने कमी येतात, असं त्यांना दिसलं. आपल्या सभागृहात पहिला प्रश्न कोण विचारतं आणि तो किती मिनिटांचा असतो, हे मी सांगायला नको.

म्हणून माझी सूचना चिठ्ठीच्या जागी ठेवावी. व्याख्यान संपल्यावर सूत्रसंचालकाने दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायला द्यावीत, म्हणजे ज्याला विचारायचंय त्याला आपला प्रश्न एकदा हळू आवाजात म्हणून बघता येईल. पहिला माइक विद्यार्थ्याकडे जावा आणि ज्येष्ठांनी नंतर विचारावं. आभारप्रदर्शनाचा कागद तोवर पिशवीत राहावा. आणि कृपा करून प्रश्न आधी वाटून देऊ नका. वाटून दिलेला प्रश्न वाचणाऱ्याला उत्तर ऐकायचं नसतं, तो वाचून झाला की सुटल्यासारखा खाली बसतो. पाहुण्यांना ते कळतं.

एक शंका बैठकीतच आली होती, थांबलो आणि कोणीच उठलं नाही तर? तर नाही उठलं. दहा सेकंद पाहुण्यांसमोर गप्प बसल्याने मंडळाची अब्रू जात नाही. साडेचार मिनिटांच्या आठवणींनीही ती गेली नव्हती.

पाहुण्यांनी जाताना माझा पत्ता मागून घेतला आणि महिन्याभराने मार्सडेन प्रतीतल्या काही पानांच्या छायाप्रती पाठवल्या, एका अवस्वराच्या, म्हणजे अध्यायाच्या. मी वहीत दोन रकाने केलेत. डावीकडे रोमन प्रतीतली ओवी, उजवीकडे देवनागरीतली, आणि जिथे शब्द बदलतो तिथे खाली रेघ. अक्षर लावायला वेळ लागतो, दिवसाला सहा-सात ओव्या होतात. कोंकणी शब्द कुठला आणि जुना मराठी शब्द कुठला, यावर दर दोन दिवसांनी अडते. मग घरी आजीला विचारते. ती शब्द ऐकते, आणि आधी विचारते, "हें उतर तुका कोणें सांगलें?"